आधी गादी, मग पलंग

मे महिन्यात लग्न झालं आणि जूनच्या पहिल्या तारखेला माझी भाची आणि तिचा नवरा पुण्यात सिंहगड रस्त्यावर वन बीएचकेत राहायला गेले. दोघांचा मिळून हातात येणारा पगार अडुसष्ट हजार. साठवलेले आणि आहेरात आलेले मिळून एक लाख ऐंशी हजार. एवढ्या पैशात घर एका फटक्यात लागेल असं त्यांना वाटत होतं. फर्निचरच्या दुकानात बेड, सोफा आणि कपाट यांचा एकत्र सेट पसंतही करून झाला होता. मी म्हटलं, आधी कागद घ्या.

त्या कागदावर पहिल्यांदा घरात शिरण्याचा खर्च लिहिला. डिपॉझिट पन्नास हजार, पहिलं भाडं सोळा हजार, एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, म्हणजे आणखी सोळा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे. अकरा महिन्यांच्या करारासाठी मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि करार करून देणाऱ्याचे पैसे मिळून अडीच हजार गेले, तर टेम्पो आणि हमाली चार हजार. झाले साडेअठ्ठ्याऐंशी हजार, आणि घरात अजून एक खुर्चीसुद्धा नाही. डिपॉझिट परत मिळणारच असतं, पण ते घर सोडताना. तोवर तो पैसा आपला नाही असंच धरावं.

उरले साडेएक्याण्णव हजार. त्यातले पस्तीस हजार आजारपणासाठी आणि पगार लांबला तर म्हणून बाजूला काढले. पहिल्या महिन्यात पन्नास हजारांची खरेदी झाली: फ्रिज, चांगली गादी, गॅस जोडणी आणि शेगडी, रुखवतात न आलेली भांडी. शिवाय सगळेच विसरतात ती खरेदी, म्हणजे पडदे, बादल्या, दोऱ्या, कुलपं, एक्स्टेन्शन बोर्ड. या किरकोळ वस्तूंनीच सहा हजार खाल्ले. गादी जमिनीवर अंथरली. "मावशी, सासूबाई येतील तेव्हा काय म्हणतील?" भाचीने विचारलं. सासूबाई आल्या, पाहिलं आणि स्वतःही त्याच गादीवर झोपल्या.

आता दर महिन्याचं. भाडं, वीज, गॅस, इंटरनेट, किराणा-दूध-भाजी, पेट्रोल, दोन्हीकडच्या आईवडिलांना द्यायचे पैसे, बँकेतली आवर्ती ठेव आणि वरखर्च मिळून साडेचोपन्न हजार होतात. उरणाऱ्या साडेतेरा हजारांतले दहा हजार पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे. घराची वस्तू आणायची ती फक्त या खात्यातून आणि पैसे जमल्यावरच. जुलै-ऑगस्टचे वीस हजार जमले तेव्हा सतरा हजारांचं वॉशिंग मशीन आलं. पावसात दोघांचे ऑफिसचे कपडे हाताने पिळून वाळत नव्हते, त्यामुळे त्याचा नंबर आधी लागला. सप्टेंबरात तेरा हजारांचं लोखंडी कपाट आणि नोव्हेंबरात वीस हजारांचा पलंग. पाच महिन्यांत पन्नास हजार, आणि एकही हप्ता डोक्यावर नाही.

हप्त्यांवर एकदम सगळं घेतलं असतं तर चूक कशी झाली असती, ते घरातल्या वर्तमानपत्रांनी दाखवलं. पलंग घेण्याआधी मी त्यांना दहा बाय दहाच्या खोलीत, कपाटासमोर, पेपर अंथरून पलंगाचा आकार करायला लावला. दुकानात आवडलेला पलंग सहा फूट रुंद होता. त्या पेपरांच्या बाजूने उभं राहून कपाट उघडलं तेव्हा दार उघडलं, पण त्याच्यासमोर उभं राहायला माणसाला जागाच उरली नाही. पाच फुटी पलंगात तोच एक फूट मोकळा झाला. लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप त्याच दिवशी घेतलं.

दुसरी गोष्ट अकरा महिन्यांची. भाड्याच्या घरातलं फर्निचर कधीतरी टेम्पोत चढणारच असतं. पार्टिकल बोर्डाचं कपाट स्वस्त पडतं, पण एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात आणि दारं लोंबायला लागतात. ओल्या भिंतीला टेकलं तर खालची कड फुगते. म्हणून कपाट लोखंडी घेतलं आणि पलंग नट-बोल्टने सुटा होणारा. सोसायटीत कुणी घर सोडून जाताना जुना पलंग स्वस्तात देतो, तोही घ्यायला हरकत नाही. फक्त सांधे आणि फळ्यांच्या खाचा टॉर्च लावून बघा. तिथे काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, फुकट मिळाला तरी आणू नका.

सोफा अजून आलेला नाही. फेब्रुवारीत, करार संपायला तीन महिने असताना, त्यांनी घरमालकाला करार वाढवणार का आणि भाडं किती वाढवणार, हे विचारायचं ठरवलंय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत सोफ्याचे पैसे खात्यातच राहतील. तुम्हीही घरमालकाशी हे बोलणं आधी करा, मगच दुकानात जा.