नुसतं उतरणं पुरत नाही

एक अगदी साधी दरी कागदावर काढू. मध्यापासून आपण जितके दूर, त्या अंतराचा वर्ग ही तिथली उंची. शून्यावर तळ आहे. उजवीकडे २ वर उंची ४, डावीकडे उणे २ वरही ४. कुणीतरी २ वरून निघतो आणि उड्या मारत या जागांवर पोचतो: आधी −१.५, मग १.२५, मग −१.१२५. उंची ४ वरून २.२५, १.५६, १.२७ अशी घसरत जाते. प्रत्येक उडीनंतर तो आधीपेक्षा खालीच असतो. तरीही त्याने जन्मभर उड्या मारल्या तरी उंची १ च्या खाली तो कधी जाणार नाही. या कड्यावरून त्या कड्यावर, तळाला ओलांडत, तो १ आणि −१ यांच्या आसपास घोटाळत राहील.

डेनिस आणि श्नाबेल यांच्या १९८३ च्या पाठ्यपुस्तकातलं हे उदाहरण मला फार आवडतं, कारण ते एक सोयीचा समज मोडतं. संगणक एखाद्या सूत्रातले आकडे जुळवतो, चूक कमीत कमी करतो, तेव्हा तो हेच करत असतो: चुकीची उंची मोजायची, उतार कुठे आहे ते पाहायचं, तिकडे पाऊल टाकायचं. ही कल्पना फ्रेंच गणिती कोशी याने १८४७ साली मांडली. आकाशस्थ गोलांच्या कक्षा काढताना येणारी किचकट समीकरणं त्याला सोडवायची होती. पुरेसं लहान पाऊल उताराच्या दिशेने टाकलं की उंची कमी होते, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण उंची दरवेळी कमी झाली म्हणून तळ येतोच असं नाही, हे वरचा उड्या मारणारा दाखवतो.

दिशा ठरली की उरतो एकच प्रश्न: पाऊल किती लांब? अज्ञात राशी हजारो असल्या तरी दिशा पक्की झाल्यावर आपण एकाच रेषेवर पुढेमागे बघत असतो, म्हणून या शोधाला लाइन सर्च म्हणतात. त्या रेषेवरची सर्वांत खोल जागा शोधून काढावी हा मोह होतो, पण तो महाग पडतो. एकेका उंचीचा हिशेब करायला संगणकाला मिनिटं लागू शकतात, आणि पुढच्या पावलाला दिशा तर बदलणारच असते. तेव्हा रेषेवरची उत्तम जागा नको, चालण्याजोगी पुरे. मात्र चालण्याजोगी कशाला म्हणायचं, हे नीट ठरवावं लागतं.

लॅरी आर्मिहो याने १९६६ मध्ये ‘पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला. त्यातली अट आज त्याच्या नावाने ओळखली जाते. ती अशी. आपण उभे आहोत तिथला उतार आपल्याला माहीत असतो. तो उतार तसाच्या तसा पुढे राहिला तर अमुक लांबीच्या पावलात किती खाली जाऊ, हे साध्या गुणाकाराने निघतं. याला अपेक्षित घट म्हणू. मग ते पाऊल टाकून पाहायचं आणि खरी घट किती झाली ते मोजायचं. खरी घट अपेक्षित घटीच्या ठरलेल्या अंशाइतकी तरी असली पाहिजे. नसेल तर पाऊल नामंजूर. ते निम्मं करायचं आणि पुन्हा तपासायचं. लांब पावलापासून सुरुवात करून असं मागे मागे येणं म्हणजे बॅकट्रॅकिंग. सगळा प्रकार तीन ओळींत मावतो:

```
t = t0
while f(x + t*d) > f(x) + c*t*m:
    t = t/2
```

इथे `d` ही दिशा, `t` ही पावलाची लांबी ठरवणारी संख्या आणि `t0` ही तिची सुरुवातीची किंमत. `m` हा त्या दिशेतला उतार; खाली जायचं असल्यामुळे तो ऋण असतो. `c` हा आपण मागितलेला अंश.

आता आपल्या उड्या मारणाऱ्याला ही चाचणी लावू. मागणी एक दशांशाची ठेवू. या दरीत कुठल्याही जागेचा उतार त्या जागेच्या दुप्पट असतो, म्हणजे २ वर ४. पहिली उडी साडेतीन लांबीची, तेव्हा अपेक्षित घट १४. खरी घट १.७५. म्हणजे आठवा हिस्सा, मंजूर. दुसरी उडी −१.५ वरून २.७५ लांबीची. तिथला उतार ३, अपेक्षा ८.२५, खरी घट ०.६९ च्या आसपास. हा फक्त बारावा हिस्सा, म्हणून नामंजूर. उडी निम्मी केली की आपण −०.१२५ वर येतो, तळाच्या अगदी शेजारी, आणि आता खरी घट अपेक्षेच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते.

हा अंश किती ठेवावा? व्यवहारात तो फार कमी, बहुधा दहा हजारात एक, ठेवतात. इतकी क्षुल्लक मागणी काय कामाची, असं वाटेल. मुद्दाम हिशेब केला तर आपला उड्या मारणारा पहिल्या बारा पावलांत या चाळणीतून सुटतो. पण खरी आणि अपेक्षित घट यांचं गुणोत्तर दर पावलाला घटतच असतं, जवळजवळ निम्मं होत. तेराव्या उडीला तो पकडला जातो. उडी निम्मी होते आणि तो थेट तळापासून ०.०००१ पेक्षाही कमी अंतरावर जाऊन पडतो. मागणी लहान असो, पण ती शून्य नसावी, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. उलट मागणी वाढवायलाही मर्यादा आहे. अशा वर्गाकार दरीत नेमकं तळावर नेणारं पाऊल अपेक्षेच्या बरोबर निम्मीच घट देतं, कारण वाटेत उतार पूर्ण किमतीपासून शून्यापर्यंत मंदावत येतो आणि सरासरी निम्मी पडते. आर्मिहोने आपल्या लेखात निम्म्याचीच मागणी केली होती. त्याहून जास्त मागाल तर सर्वांत चांगलं पाऊलच नाकारून बसाल.

उड्या फार लांब असण्याचा रोग असा बरा होतो. पण दुसरा रोग उलट आहे. समजा, दुसरा कुणी २ वरून निघून १.५, १.२५, १.१२५ असा मुंगीच्या पावलांनी येतो. तोही कायम खाली येतो आणि तोही १ च्या पलीकडे जात नाही. गंमत म्हणजे आर्मिहोची अट त्याला अडवत नाही. पाऊल इतकं लहान की उतार वाटेत फारसा बदलत नाही, त्यामुळे खरी घट जवळपास अपेक्षेइतकीच भरते. अटीच्या दृष्टीने हा आदर्श उमेदवार.

त्याला आवर घालते ती मागे येण्याची रीत. चांगल्या लांबीच्या पावलापासून सुरुवात केली आणि नाकारलं गेलं तरच निम्मं केलं, तर मंजूर झालेल्या पावलाबद्दल आपल्याला एक गोष्ट फुकटात कळते: त्याच्या दुप्पट लांबीचं पाऊल नापास झालं होतं. आणि छोटी पावलं नापास होत नाहीत. अपेक्षित घट पावलाच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. उतार वाटेत मंदावल्यामुळे त्या अपेक्षेत जी तूट पडते, ती मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पाऊल निम्मं केलं की अपेक्षा निम्मी होते आणि तूट चौथाईवर येते. कधी ना कधी चाचणी पास होणारच. आणि दुप्पट पाऊल नापास झालं असेल, तर ते तूट मोठी व्हायला पुरेसं लांब असलं पाहिजे. त्याचं निम्मं पाऊलही मग अगदीच चिमुकलं असू शकत नाही.

यासाठी दरीबद्दल एकच गोष्ट गृहीत धरावी लागते: उतार बदलण्याच्या वेगाला काहीतरी कमाल मर्यादा आहे, कुठे अचानक कोपरा नाही. ती मर्यादा किती, हे संगणकाला सांगावं लागत नाही, आणि माझ्या मते पद्धतीची खरी हुशारी इथे आहे. एकच ठरीव `t` वापरणाऱ्याला तो आकडा आधी माहीत असावा लागतो. नाहीतर तो एक तर उडत जाईल नाही तर रांगत बसेल. मागे येणारा तो आकडा न विचारता त्याच्याशी जुळवून घेतो.

आता दोन्ही तुकडे जोडू. पाऊल नुसतं चिमुकलं नाही एवढंच नव्हे, त्याची लांबी निदान उताराच्या प्रमाणात असते. आणि घट ही लांबी गुणिले उतार यांच्या ठरलेल्या अंशाइतकी तरी असते. म्हणून सरळ उताराच्या दिशेने चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाची घट उताराच्या वर्गाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा कमी नसते. आपल्या दरीत, एक दशांश मागणीला, हा हिस्सा ०.०४५ येतो. तळापासून १ पेक्षा दूर असेपर्यंत उतार २ पेक्षा मोठा, म्हणजे प्रत्येक पावलाला निदान ०.१८ घट. निघताना उंची ४ होती आणि शून्याखाली जाता येत नाही. तेव्हा अशी पावलं फार तर २२ होऊ शकतात. ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात, वर पाहिलं तसं, दोन पावलांत काम होतं.

हाच युक्तिवाद कुठल्याही दरीला लागतो. एकूण उंची म्हणजे बँकेतली ठरलेली शिल्लक समजा, जिच्यात भर पडत नाही. प्रत्येक पावलाला निदान उताराच्या वर्गाच्या प्रमाणात रक्कम काढावीच लागते. उतार कायम एखाद्या आकड्याच्या वर राहिला, तर शिल्लक मोजक्या पावलांत संपेल. पावलं तर अनंत टाकायची आहेत, म्हणून उताराला शून्याकडे जावंच लागतं. दिशा सरळ उताराची नसली तरी चालतं, फक्त ती उताराला जवळजवळ काटकोनात नसावी. नाहीतर पाऊल आडवं आडवं जातं आणि हिशेब कोलमडतो.

हमी उताराची आहे, तळाची नाही. दोन डोंगरांमधल्या खिंडीतही उतार शून्य होतो, बाजूच्या एखाद्या उथळ खड्ड्यातही होतो. शिवाय दरीला तळच नसेल तर शिल्लक कधी संपत नाही आणि सगळा युक्तिवाद निकामी होतो. आणि हमीत वेगाचा शब्द नाही. अरुंद, लांबट घळीत ही पद्धत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नागमोडी चालत हजारो पावलं खाते, आणि प्रत्येक पाऊल चाचणीत पास झालेलं असतं.

प्रत्यक्ष वापरात मात्र बहुतेकांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: निम्मं, निम्मं, निम्मं करत `t` अब्जांशाच्याही खाली जातो आणि चाचणी पास होतच नाही. याची कारणं मुख्यतः दोन. संगणक साधारण १६ अंकांपर्यंत मोजतो. तळाची उंची १ च्या आसपास असेल, तर तळापासून दहा कोटीत एक भाग सरकल्याने उंचीत पडणारा फरक सोळाव्या अंकात हरवून जातो. खरी घट झालेली असूनही यंत्राला ती शून्य दिसते. अशा वेळी उतारही अगदी क्षुल्लक असतो, आणि काम संपलं म्हणून थांबायला हरकत नसते. पण उतार चांगला मोठा असताना पाऊल कोसळत असेल, तर संशय उताराच्या सूत्रावर घ्यावा. कुठेतरी चिन्ह उलटं पडलेलं असतं, एखादं पद गळलेलं असतं, आणि आपण ज्याला खाली म्हणतो ते वर असतं. पडताळा सोपा आहे. एका राशीत दशलक्षांश भर घालायची, उंची पुन्हा मोजायची, फरकाला त्या दशलक्षांशाने भागायचं आणि सूत्राने दिलेल्या उताराशी ताडून पाहायचं. पहिले पाचसहा अंक जुळले नाहीत, तर सूत्र पुन्हा काढायला बसायचं.