आकडा तोच, वाक्य तुमचं: अहवालातली आकडेवारी आपल्या शब्दांत कशी लिहायची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

प्रोजेक्ट लिहिताना एक अडचण हमखास येते. अहवालात आकडा असतो आणि तो बदलता येत नाही. मग त्याच्याभोवतीचं वाक्य तरी किती बदलणार? शेवटी आपण दोन-चार शब्द इकडेतिकडे करतो आणि पुढे जातो. कॉलेजच्या तपासणीत नेमकं तेच वाक्य लाल होऊन परत येतं. आणि लाल झालं नाही, तरी त्यात कधीकधी अर्थाची चूक शिरलेली असते. ती जास्त महागात पडते.

एकच उदाहरण घेऊ या, २०११ च्या जनगणनेतल्या साक्षरतेचं. समजा, तुमच्यासमोरच्या अहवालात असं वाक्य आहे (हे मी नमुन्यासाठी तयार केलंय, आकडे मात्र खरे आहेत):

"२००१ ते २०११ या दशकात स्त्रियांच्या साक्षरता दरात लक्षणीय वाढ होऊन तो ५३.६७ टक्क्यांवरून ६५.४६ टक्क्यांवर पोहोचला, तर पुरुषांचा दर ७५.२६ टक्क्यांवरून ८२.१४ टक्क्यांवर गेला."

आता बहुतेक जण काय करतात? 'दशकात' काढून 'दहा वर्षांत', 'स्त्रियांच्या' काढून 'महिलांच्या', 'लक्षणीय' काढून 'मोठी'. वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, 'तर' सुद्धा तिथेच. ही नक्कलच झाली, फक्त कपडे बदललेली. खाली स्रोताचं नाव दिलंत तरी वाक्यरचना दुसऱ्याचीच राहते.

त्याऐवजी असं करा. मूळ वाक्यातून आकडे एका कागदावर उतरवा. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कशाचा, कुणाचा, कधीचा. हे झालं की अहवाल बंद करा, मोबाइलवर असेल तर ती खिडकी मिटवा. समोर वाक्य असलं की हात आपोआप त्याच वळणाने जातो.

कागदावर आता चार आकडे आहेत. आता स्वतःला विचारा, माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न काय आहे? समजा, तुमचा विषय मुलगा-मुलगी भेद आहे. मग तुम्हाला चार आकड्यांपेक्षा त्यांच्यातलं अंतर हवंय. वजाबाकी करा. २००१ मध्ये पुरुष आणि स्त्रियांच्या दरांत २१.५९ चा फरक होता, २०११ मध्ये तो १६.६८ झाला. आता लिहा:

"साक्षरतेत स्त्रिया पुरुषांच्या किती मागे आहेत? २००१ मध्ये हे अंतर शंभरामागे जवळजवळ २२ होतं. २०११ च्या जनगणनेत ते १७ च्या आसपास आलं, कारण या काळात स्त्रियांचा दर पुरुषांपेक्षा जास्त वाढला."

बघा, हे वाक्य मूळ वाक्यावरून सरकवलेलं वाटत नाही, कारण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतंय. शब्द शोधत बसावं लागलं नाही. प्रश्न बदलला आणि वाक्य आपोआप बदललं. तुमचा विषय प्रौढशिक्षण असता, तर तुम्ही हाच आकडा उलटा केला असता: १०० मधून ६५.४६ वजा केले की ३४.५४ उरतात, म्हणजे दर तिघींमागे एकीहून थोड्या जास्त निरक्षर.

पण आपले शब्द वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण 'टक्के'. स्त्रियांचा दर ५३.६७ वरून ६५.४६ झाला, म्हणजे ११.७९ ची वाढ. ती आपण सहज "११.७९ टक्क्यांनी वाढ" अशी लिहितो. आता वाचकाच्या जागी बसून हिशेब करा. ५३.६७ चे ११.७९ टक्के म्हणजे साधारण ६.३३. ते मिळवले की ६० येतात, ६५ नाही! ५३.६७ च्या तुलनेत खरी वाढ जवळजवळ २२ टक्के आहे. दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी केली असेल, तर तिला 'टक्केबिंदू' म्हणतात. शब्द जड वाटला तर सरळ "५३.६७ टक्क्यांवरून ६५.४६ टक्क्यांवर" लिहा किंवा "शंभरामागे सुमारे १२ ने" म्हणा. तुमच्या वाक्यावरून उलटा हिशेब करून मूळ आकडा परत येतो का, हे प्रत्येक वेळी तपासा.

दुसरं ठिकाण व्याख्या. 'साक्षरता दर' हा ठरावीक अर्थाचा शब्द आहे. जनगणनेत सात वर्षं पूर्ण झालेली आणि कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती साक्षर मानतात. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. म्हणून नक्कल टाळायच्या नादात 'साक्षर' च्या जागी 'सुशिक्षित' किंवा 'शिकलेल्या' लिहिलंत की आकडा खोटा झाला. "भारतातल्या ६५ टक्के महिला" असं लिहिलं तरी गडबड होते, कारण या मोजणीत सात वर्षांची मुलगीही आहे आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं वगळलेली आहेत. असे शब्द जसेच्या तसे ठेवा. व्याख्येतला शब्द वापरणं ही चोरी नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे आकड्यात नसलेली गोष्ट. वाक्य आपलं वाटावं म्हणून आपण "सर्व शिक्षा अभियानामुळे साक्षरता वाढली" असं जोडून टाकतो. कदाचित त्याचा हातभार असेलही, पण जनगणनेचा तक्ता फक्त किती ते सांगतो, का ते सांगत नाही. कारण लिहायचं तर त्यासाठी वेगळा अभ्यास दाखवावा लागेल. वर मी 'कारण' वापरलं ते वजाबाकीपुरतं. मूळ वाक्यातलं 'लक्षणीय' सुद्धा असंच आहे. ते अहवाल लिहिणाऱ्याचं मत आहे, आकडा नाही. तुम्हाला तसं वाटत असेल तर का वाटतं ते लिहा, नाहीतर सोडून द्या.

आणि एक बारीक गोष्ट. आपण वापरलेले २०११ चे आकडे मार्च २०११ अखेर जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकडेवारीतले आहेत. तेव्हा देशाचा एकूण दर ७४.०४ टक्के होता, अंतिम आकडेवारीत तो ७३ च्या आसपास आला. म्हणून 'तात्पुरती' हा शब्द गाळू नका. नाहीतर दोन पुस्तकांत दोन आकडे पाहून वाचक तुमचाच चुकला म्हणेल.

शेवटी अहवाल पुन्हा उघडा आणि तुमचं वाक्य त्याच्या शेजारी ठेवा. एकदा फक्त आकडे जुळवा: दशांश, वर्ष, स्त्री-पुरुष उलटसुलट तर झालं नाही ना. मग फक्त शब्द बघा: व्याख्येतले शब्द सोडून सलग चार-पाच शब्द सारखे आलेत का? आले असतील तर ते वाक्य खोडा आणि कागदावरून नव्याने लिहा. आणि "२०११ च्या जनगणनेच्या तात्पुरत्या आकडेवारीनुसार" हे लिहायला विसरू नका. वाक्य तुमचं असलं तरी मोजणी तुमची नाही.

भेटू पुढच्या भागात!