फुप्फुसाविना उमटणारी व्यंजनं

कुणाच्या घरी वाईट बातमी आली की ऐकणारा मान हलवतो आणि त्याच्या तोंडून नकळत ‘च्च... च्च...’ असा आवाज निघतो. मराठीत त्याला चुकचुकणं म्हणतात. लिहिताना तो ‘च्च’ असा लिहिला जातो खरा, पण तो च नाही. चमच्यातला, चुलीतला किंवा चंद्रातला च म्हणताना हवा तोंडाबाहेर पडते. चुकचुकताना ती आत ओढली जाते. हळहळ व्यक्त करणाऱ्या या आवाजाला वर्णमालेत जागा नाही, कारण मराठीत त्याने एकही शब्द बनत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत मात्र हाच आवाज एक साधं व्यंजन आहे. तिथे तो रोमन लिपीतल्या ‘सी’ या अक्षराने लिहितात आणि मुलं शाळेत तो इतर अक्षरांबरोबरच गिरवतात.

मराठीतली सगळी व्यंजनं एकाच भात्यावर चालतात, तो म्हणजे फुप्फुसं. हवा तिथून निघते, घशातल्या स्वरतंतूंमधून वर येते, आणि जीभ किंवा ओठ तिला कुठे अडवतात, कुठे सोडतात, यावर क होतो की प हे ठरतं. म्हणूनच आपल्याला वाटतं की बोलणं म्हणजे श्वास सोडणं. पण हवा हलवायला भाता लागतोच असं नाही. बंद डबीची एक बाजू आत ढकलली तर आतली हवा दाबली जाते, बाहेर ओढली तर विरळ होते. पिचकारीचा दट्ट्या हेच करतो. माणसाच्या शरीरात असे आणखी दोन दट्ट्ये आहेत, एक जीभ आणि दुसरा स्वरयंत्र. त्यांच्यावर चालणाऱ्या व्यंजनांचे तीन गट ध्वनिशास्त्रात ओळखले जातात : क्लिक, इजेक्टिव्ह आणि इम्प्लोझिव्ह.

क्लिकमध्ये दट्ट्या जिभेचा. जिभेचा मागचा भाग मृदू टाळूला घट्ट चिकटतो आणि पुढचं टोक दातांमागे टेकतं. या दोन कुलुपांच्या मध्ये हवेचा एक छोटासा कप्पा बंद होतो. मग जिभेचा मधला भाग खाली जातो, कप्पा मोठा होतो, आतली हवा विरळ होते. टोक सुटताच बाहेरची हवा आत घुसते आणि तो ‘च्च’ फुटतो. यात फुप्फुसांचा काही संबंध नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. तोंड मिटून ‘म्म्म्’ असं गुणगुणत राहावं आणि गुणगुणणं न थांबवता चुकचुकावं. दोन्ही आवाज एकाच वेळी निघतात, कारण गुणगुणण्याची हवा नाकातून जाते आणि चुकचुकण्याची हवा जिभेच्या पुढे, वेगळ्या खोलीत असते. खोसा भाषा नेमका हाच फायदा घेते. दातांमागचा, टाळूवरचा ‘टॉक’ (मुलं घोड्याच्या टापा वाजवतात तो) आणि जिभेच्या कडेने निघणारा, अशा तीन मूळ क्लिकांना नाकातली हवा, महाप्राण, घोष अशा जोडण्या देऊन तिने अठरा क्लिक व्यंजनं घडवली आहेत. नेल्सन मंडेला ज्या गावात लहानाचे मोठे झाले त्या कुनू गावाच्या नावातलं पहिलं अक्षर म्हणजे तो टाळूवरचा ‘टॉक’. देवनागरीत ‘कुनू’ लिहिताना तो हरवतोच.

खोसा आणि तिची बहीण झुलू या बांटू कुळातल्या भाषा, आणि त्या कुळातल्या बहुतेक भाषांमध्ये क्लिक नाहीत. ते आले शेजारच्या खोई आणि सान लोकांच्या भाषांमधून. पण परका आवाज एवढा खोल कसा रुजला? याचं एक उत्तर अभ्यासकांनी ‘ह्लोनिफा’ या चालीत शोधलं आहे, आणि मराठी वाचकाला ते पटकन समजेल. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही, उखाण्यात गुंफून घ्यायचं, अशी रीत होती. ह्लोनिफा त्याच्या पुढे जाते. सासऱ्याच्या आणि सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावात जी अक्षरं येतात ती सुनेने रोजच्या शब्दांतही उच्चारायची नाहीत. समजा, सासऱ्याचं नाव पांडुरंग असतं, तर तिला ‘पाणी’ म्हणता आलं नसतं. तिने शब्द बदलायचा किंवा त्यातलं व्यंजन तरी बदलायचं. बदली व्यंजन म्हणून शेजाऱ्यांचे क्लिक हाताशी होते आणि ते कुणाच्या नावात येण्याची शक्यताही कमी. सुनांनी टाळलेल्या अक्षरांच्या जागी बसलेले हे आवाज पुढे सगळ्यांच्याच तोंडी रुळले, असा हा तर्क आहे.

दुसरा दट्ट्या स्वरयंत्राचा, आणि तो दोन्ही दिशांना चालतो. वर गेला तर इजेक्टिव्ह, खाली आला तर इम्प्लोझिव्ह.

इजेक्टिव्ह क म्हणायचा तर आधी श्वास रोखावा, म्हणजे स्वरतंतू एकमेकांना चिकटून घशाचं दार बंद होतं. मग क साठी जीभ मागे टेकवावी. आता हवा दोन दारांमध्ये कोंडलेली आहे. आवंढा गिळताना कंठमणी जसा वर सरकतो तसं स्वरयंत्र वर जातं, कोंडलेल्या हवेचा दाब नेहमीच्या क च्या सुमारे दुप्पट होतो, आणि जीभ सुटली की बाटलीचं बूच उडावं तसा कोरडा, टणक आवाज येतो. त्याच्या मागे श्वासाची झुळूक नसते. तोंडापुढे कागदाची पट्टी धरून ख म्हटलं तर ती बराच वेळ फडफडते. इजेक्टिव्ह क ला एक बारीक झटका बसतो आणि संपतं.

आपल्याला त आणि थ वेगळे ऐकू येतात, पण पेरूमधल्या कुस्को भागातल्या केचुआ भाषिकाला तिथे तीन आवाज ऐकू येतात. त्याच्या भाषेत ‘तन्ता’ म्हणजे जमाव, ‘थन्ता’ म्हणजे फाटकं-जुनं आणि ‘त’न्ता’, म्हणजे ज्यात त झटक्याने फुटतो तो शब्द, म्हणजे पाव. जॉर्जियन भाषेतही असे आवाज भरपूर आहेत. तिथे ‘पाणी’ या शब्दाची सुरुवातच लागोपाठ दोन इजेक्टिव्ह व्यंजनांनी होते.

या व्यंजनांमध्ये एक जुनी नोंद आहे. ज्या भाषांत इजेक्टिव्ह आहेत तिथे क बहुधा असतोच, प मात्र अनेकदा गैरहजर असतो. इम्प्लोझिव्हमध्ये बरोबर उलटं दिसतं, ब सर्रास आणि ग दुर्मीळ. कारण डबीच्या आकारात आहे. क म्हणताना जीभ मागे टेकते, त्यामुळे तिच्यात आणि घशात जेमतेम अरुंद जागा उरते. दट्ट्या थोडा सरकला तरी दाब भरकन वाढतो. प म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि सगळं तोंड हीच डबी होते. तेवढ्याच सरकण्याने तिथे फारसं काही घडत नाही. इम्प्लोझिव्हला मात्र मोठी डबीच सोयीची, आणि ते का, हे समजायला ब कडे थोडं बारकाईने पाहावं लागतं.

ब म्हणण्यासाठी ओठ मिटावेत आणि न उघडता आवाज चालू ठेवायचा प्रयत्न करावा. गाल फुगतात आणि आवाज लगेच विझतो. स्वरतंतू थरथरतात ते खालून वर हवा वाहते तोवरच, आणि मिटलेलं तोंड भरलं की हवेला जायला जागा राहत नाही. यावर उपाय एकच, जागा वाढवायची. स्वरयंत्र खाली सरकलं की तोंडातली पोकळी वाढते आणि स्वरतंतू आणखी थोडा वेळ थरथरू शकतात. ही हालचाल जोरात आणि ठरवून केली की तयार होतो इम्प्लोझिव्ह ब. मोठ्या पोकळीत ती सावकाश, बराच वेळ करता येते; ग च्या अरुंद जागेत पोकळी चटकन भरते, म्हणून तो अवघड.

शिकणाऱ्याची चूक ठरलेली असते. ‘हवा आत जाते’ असं वाचून तो श्वास आत ओढत ब म्हणतो, आणि उचकी लागल्यासारखा आवाज येतो. प्रत्यक्षात श्वास आत घ्यायचाच नसतो. स्वरयंत्र खाली जात असतानाच फुप्फुसातली थोडी हवा स्वरतंतूंमधून वर झिरपत असते, त्यामुळे पुष्कळदा ओठ उघडल्यावर हवा आत शिरतही नाही. बरोबर जमलं की नाही हे बोट कंठमण्यावर ठेवून कळतं. तो खाली जायला हवा. ध्वनिमुद्रणाचा आलेख पाहिला तर ते आणखी स्पष्ट होतं. साध्या ब मध्ये ओठ मिटलेले असताना घोषाच्या लाटा लहान लहान होत जातात, इम्प्लोझिव्ह ब मध्ये ओठ उघडेपर्यंत त्या मोठ्या होत जातात.

हे ऐकायला पेरूला जायची गरज नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात ही व्यंजनं रोज बोलली जातात. सिंधीत अशी चार आहेत : ग, ज, ड आणि ब यांची खाली दबणारी रूपं. त्यांच्यासाठी देवनागरीत खाली रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं आहेत.

ती सिंधीत आली कुठून, हे एका शब्दातून दिसतं. संस्कृत ‘अद्य’ प्राकृतात ‘अज्ज’ झाला. पंजाबीने तो जोड ज अजून जपला आहे. मराठीने जोड सोडला आणि त्याच्या बदल्यात आधीचा स्वर लांबवला : आज. सिंधीनेही जोड सोडला, पण स्वर ऱ्हस्वच ठेवला आणि बदल व्यंजनात केला : अॼु. तसंच ‘अग्र’चं ‘अग्ग’ आणि मग ‘अॻु’, म्हणजे पुढे. जॉन ओहाला या ध्वनिशास्त्रज्ञाने याचं कारण हवेच्या हिशेबात शोधलं. जोड ज किंवा जोड ब म्हणताना तोंड दुप्पट वेळ बंद राहतं, म्हणून आवाज विझू नये यासाठी स्वरयंत्र खाली ओढावंच लागतं. पुढे जोड गेला, ओढ राहिली. शब्दाच्या सुरुवातीलाही हीच ओढ दिसते : मराठीत दहा, सिंधीत ॾह, मराठीत जीभ, सिंधीत ॼिभ.

संगणकाच्या युनिकोड प्रमाणात ही चार देवनागरी अक्षरं 2006 साली दाखल झाली. तोवर टंकताना खालची रेघ बहुधा गळायची, आणि आजही काही फाँटमध्ये त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. सिंधीत ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझं.