धुरातली उष्णता कुठवर काढावी?

दर तासाला दहा टन वाफ देणारा, फर्नेस ऑइलवर चालणारा एक बॉयलर घेऊ. कापड रंगवणाऱ्या किंवा रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात असे बॉयलर असायचे आणि काही ठिकाणी अजूनही आहेत. त्याला तासाला सुमारे ७०० किलो तेल लागतं. धुराडं २३० अंश सेल्सिअसला गरम वायू बाहेर टाकत असेल, तर तेवढी उष्णता फुकट चालली आहे हे कुणालाही दिसतं. धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी उतरवलं की इंधनाची एक टक्का बचत होते, असा ऊर्जा लेखापरीक्षणातला ढोबळ हिशोब आहे. म्हणजे २३० वरून १७० वर आलं की तासाला १९ किलो तेल वाचलं. मग तिथेच का थांबायचं? १३० वर का आणू नये? आणखी बारा-तेरा किलो वाचतील.

थांबायचं कारण तेलातल्या गंधकात आहे. फर्नेस ऑइलमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास गंधक असू शकतो. तो जळून सल्फर डायऑक्साइड होतो. त्यातला बराचसा भाग धुराड्यातून तसाच निघून जातो, पण एखाद-दोन टक्के भाग आणखी ऑक्सिजन घेतो आणि सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. तेलाच्या राखेतलं व्हॅनेडियम या बदलाला हातभार लावतं. धूर थंड होऊ लागला की हा ट्रायऑक्साइड धुरातल्याच पाण्याच्या वाफेशी जुळतो आणि गंधकाम्लाची वाफ तयार होते.

पावसाळ्यात गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसंच धुराड्यातही होतं. फक्त इथे थेंब फार आधी धरतात. अशा धुरात पाण्याची वाफ सुमारे दहा टक्के असते. ती एकटी असती तर ४६ अंशांपर्यंत दव पडलं नसतं. पण त्यात गंधकाम्लाचे दहा लाखांत अठरा भाग मिसळले, की १४३ अंशांच्या आसपासच पृष्ठभाग ओला होऊ लागतो. हा झाला आम्ल दवबिंदू. इथे पडणारं दव नुसतं आंबट पाणीही नसतं, त्याचा बहुतांश भाग गंधकाम्लच असतो.

अठरा भाग ऐकायला नगण्य वाटतात, म्हणून आपल्या बॉयलरचाच हिशोब करून पाहू. ७०० किलो तेलात साडेचोवीस किलो गंधक. त्यातल्या एक टक्क्याचाच ट्रायऑक्साइड झाला, तरी तासाला पाऊण किलो गंधकाम्ल तयार होतं. दिवसाला अठरा किलो. ते सगळंच नळ्यांवर उतरत नाही. पण त्याचा थोडा हिस्सा रोज त्याच दोन-चार नळ्यांवर बसला तरी त्या पातळ होत जातात.

कमी गंधकाचं तेल घेतलं तर? फायदा होतो, पण अपेक्षेपेक्षा कमी. गंधक निम्मा केला तरी आम्ल दवबिंदू जेमतेम सात अंशांनी उतरतो. आम्लाचं प्रमाण घटतं, पण ते कोणत्या तापमानाला उतरू लागणार यात मोठा फरक पडत नाही.

अनेक कारखाने फसतात ती जागा पुढे आहे. चिमणीतला थर्मामीटर १७० दाखवतो, १४३ पेक्षा चांगला वर. मग चिंता कसली? पण आम्ल धुराचं तापमान पाहून बसत नाही, ते धातूचं तापमान पाहून बसतं. धुरातली उष्णता बॉयलरच्या पाण्याला देणारा इकॉनॉमायझर म्हणजे नळ्यांचा जुडगा: आतून पाणी, बाहेरून धूर. पाणी नळीची उष्णता पटकन ओढून घेतं, धूर ती सावकाश देतो. त्यामुळे नळीची भिंत धुराच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाजवळ राहते. बाहेर २०० अंशांचा धूर आणि आत ६० अंशांचं पाणी असेल, तर भिंत ६५ अंशांच्या आसपास असते. चिमणीवरचा आकडा कितीही समाधानकारक असो, ती नळी ओली आहे.

मग पाणी गरम करून पाठवू, असा विचार येतो. डीएरेटरमधून येणारं पाणी सुमारे १०५ अंशांचं असतं. तेही पुरत नाही. गंज सर्वांत जोरात होतो तो आम्ल दवबिंदूच्या साधारण २० ते ५० अंश खाली, आणि १०५ अंशांचं पाणी आपल्या बॉयलरची नळी नेमकी त्याच पट्ट्यात नेऊन ठेवतं. १४३ अंशांच्या दवबिंदूला हवं असतं ते सुमारे १४० अंशांचं किंवा त्याहून गरम पाणी. ते मिळवण्यासाठी पाणी इकॉनॉमायझरमध्ये शिरण्याआधी वाफेवर आणखी तापवावं लागतं.

हवा तापवणाऱ्या एअर प्रीहीटरची गोष्टही तशीच आहे. तिथे पत्र्याचं तापमान हवा आणि धूर यांच्या मधोमध कुठेतरी असतं. बाहेरची ३० अंशांची हवा आणि १५० अंशांचा धूर समोरासमोर आले, तर थंड टोकाचा पत्रा ९० अंशांजवळ राहतो. म्हणून तेलावर चालणाऱ्या मोठ्या बॉयलरांत आत येणारी हवा आधी वाफेच्या कॉइलवरून नेतात.

बिघाड ओळखता येतो. इकॉनॉमायझरच्या पाणी शिरणाऱ्या टोकाच्या नळ्या बंदच्या काळात पाहाव्यात. तिथे चिकट काजळी, तिच्याखाली फिकट हिरवट-पांढरे लोहसल्फेटाचे थर आणि धातूत खड्डे दिसले, तर कारण हेच. दुसरी खूण आवाराबाहेर सापडते. आम्लाने भिजलेली काजळी धुराड्याच्या आतून पापुद्र्यांसारखी सुटते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, गाड्यांच्या रंगावर डाग पाडते. ही तक्रार आली की रात्री कमी भारावर बॉयलर चालवल्यावर धूर किती थंड होतो, हे तपासावं. भार कमी झाला की धुराचं तापमान घसरतं आणि दिवसा सुरक्षित असलेलं धुराडं रात्री ओलं होतं.

मोजण्याची रीतही जुनीच आहे. १९२९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एच. एफ. जॉनस्टन यांनी काचेचा एक शोधक धुरात धरून आतून हवेने हळूहळू थंड केला. काचेवर बसवलेल्या दोन तारांत आम्लाचा पापुद्रा धरला की वीज वाहू लागते. त्या क्षणी काचेचं जे तापमान, तोच आम्ल दवबिंदू.

उपाय मोजकेच आहेत आणि बहुतेक शिस्तीचे. जळणाला हवा गरजेपेक्षा फार देऊ नये, कारण जादा ऑक्सिजन म्हणजे जादा ट्रायऑक्साइड. दारं, फटी बंद ठेवाव्यात, नाहीतर तिथून शिरलेली हवा धूर थंड करते. लोखंडी धुराड्याला बाहेरून ऊबदार आवरण द्यावं. बंदच्या काळात पृष्ठभाग नुसत्या पाण्याने ओला करून सोडू नये, सोड्याच्या पाण्याने धुवावा.

नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरला हे बंधन जवळपास नाही, कारण त्यात गंधक नगण्य असतो. उलट त्याचा धूर ५५ अंशांच्याही खाली नेऊन पाण्याच्या वाफेतली उष्णताही काढता येते. धूर मुद्दाम धुऊन थंड करण्याची पद्धतही आहे. मुंबईत टाटा पॉवरच्या ट्रॉम्बे केंद्रात १९८८ साली समुद्राच्या पाण्याने गंधक काढणारी यंत्रणा आली. पण त्यासाठी धुराचा पुढचा मार्ग आम्ल सोसणाऱ्या अस्तराचा करावा लागतो. साध्या पोलादी इकॉनॉमायझरला ते परवडत नाही.

म्हणून उष्णता वाचवणारं यंत्र विकत घेताना बचतीच्या टक्केवारीवर समाधान मानू नका. सर्वांत कमी भारावर, सर्वांत थंड पाणी शिरत असताना सर्वांत थंड नळीचं तापमान किती असेल आणि तुमच्या इंधनाचा आम्ल दवबिंदू किती आहे, हे दोन आकडे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्या.