आलेखातला खड्डा आणि कात्री

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल ठेवता येत नाही. सुधारलेली फाइल नव्याने चढवली तर दुवा बदलतो, व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात आणि जुन्या कमेंट्स मागे राहतात. पण आहे त्याच व्हिडिओतून नको तो भाग कापण्याची सोय यूट्यूब स्टुडिओत आहे. तिथे कापलं तर दुवा, व्ह्यूज, कमेंट्स सगळं जागच्या जागी राहतं. मग प्रश्न उरतो तो नेमकं काय कापायचं याचा, आणि त्याचं उत्तर शोधायला प्रेक्षक-टिकावाच्या आलेखासारखं दुसरं साधन नाही. हा आलेख स्टुडिओत त्या व्हिडिओच्या अॅनालिटिक्समध्ये दिसतो. आडव्या रेषेवर व्हिडिओची वेळ असते आणि उभ्या रेषेवर त्या क्षणी तो भाग किती टक्के प्रेक्षक पाहत होते याचा आकडा.

उदाहरणासाठी पुरणपोळीचा ९ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ घेऊ. व्ह्यूज सहा हजार आहेत असं धरू. ही संख्या महत्त्वाची आहे, कारण सव्वाशे व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत एक टक्का म्हणजे जेमतेम एक माणूस. तिथे आलेखावरचा प्रत्येक चढउतार योगायोगाचा असू शकतो, म्हणून इतक्या कमी आकड्यांवर कात्री चालवू नये.

आपल्या आलेखात सातव्या सेकंदाला ७८ टक्के प्रेक्षक आहेत. तिथून रेषा उतरते, तिसाव्या सेकंदाला ४९वर येते आणि ४४व्या सेकंदाला परत ७०वर चढते. हे परत चढणं नीट समजून घ्यायला हवं. निघून गेलेला माणूस सहसा चौदा सेकंदांत परत येत नाही. म्हणजे यातले बहुतेक लोक गेलेच नव्हते, त्यांनी मोबाइलवर दोनदा टिचकी मारून दहा-दहा सेकंद पुढे उड्या घेतल्या. ७८ आणि ७० यांतला फरक आठ, साधारण तेवढे खरोखर गेले. ४९ आणि ७० यांतला फरक एकवीस, एवढे लोक तो भाग ओलांडून डाळीच्या पातेल्यापाशी उतरले. व्हिडिओ लावून पाहिलं तर ७व्या ते ४३व्या सेकंदापर्यंत नमस्कार, चॅनेलची ओळख आणि सबस्क्राइब करण्याची विनंती आहे. प्रेक्षकांनी स्वतःच हा भाग कापून पाहिला आणि त्यांचं पुढे काही अडलं नाही. उतरून पुन्हा वर आलेला खड्डा ही कापण्याची सगळ्यात सुरक्षित जागा असते.

रेषा उतरली आणि वर आलीच नाही, तर गोष्ट वेगळी. साडेचार मिनिटांनी पुरणयंत्र सुरू होतं. पुढची ६५ सेकंदं हात फिरतो आहे, बोलणं नाही. रेषा ५२वरून ४१पर्यंत हळूहळू घसरत जाते. हे कंटाळून निघून जाणं आहे. इथे सगळा भाग उडवायचा नाही, कारण पुरण कितपत मऊ व्हायला हवं हे त्यातच दिसतं. सुरुवातीची काही सेकंदं आणि शेवटी ताटात पडलेलं पुरण ठेवून मधली ५० सेकंदं काढली की काम भागतं. जे गेले ते या कापण्याने परत येणार नाहीत, फायदा होईल तो पुढे येणाऱ्यांचा.

पुरण तयार झाल्यावर, ५ मिनिटं ३५ सेकंदांना, रेषा एका पायरीसारखी ४१वरून ३५वर पडते. हा उतार पाहून पोळी लाटण्याचा भाग कापायला हात शिवशिवतील, पण तो मोह टाळावा. पुरण कसं करायचं एवढंच पाहायला आलेले लोक काम झालं म्हणून गेले. घसरण संथ असेल तर दोष त्या भागात शोधावा. एकाच क्षणी पायरी पडली असेल तर त्याआधीची दहा-पंधरा सेकंदं पाहावीत, तिथे काहीतरी संपलेलं असतं किंवा ‘आता झालं’ असं ऐकू आलेलं असतं.

टेकाडंही वाचता आली पाहिजेत. चार मिनिटं पाच सेकंदांना पुरणात उलथनं उभं राहतं का ते दाखवलं आहे आणि तिथे रेषा उंचावते, कारण लोक मागे जाऊन तेवढंच पुन्हा पाहतात. ही जागा अजिबात कापू नये. साहित्याच्या प्रमाणापाशी टेकाड असेल तर मात्र ते कौतुक नसून बहुधा तक्रार असते: आकडे घाईत सांगितले गेले, लिहून घेता आले नाहीत. स्टुडिओच्या संपादकात नवी दृश्यं किंवा अक्षरं घालता येत नाहीत, तेव्हा प्रमाण वर्णनात लिहून द्यावं. व्हिडिओला प्रकरणं पाडली असतील तर प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला थेट तिथे उतरणाऱ्यांमुळेही टेकाड येतं, त्यातून फार अर्थ काढू नये.

आता प्रत्यक्ष कापणं. स्टुडिओत त्या व्हिडिओचा Editor उघडून Trim & cut आणि मग New cut घ्यावं. आलेखावरचे सेकंद जसेच्या तसे घेऊ नयेत. कान देऊन वाक्य संपतं तिथे, श्वासाच्या जागी कापावं. मागे संगीत चालू असेल तर ते मध्येच तुटेल, म्हणून सेव्ह करण्याआधी प्रत्येक सांधा ऐकून पाहावा. काढलेल्या भागात सांगितलेलं पुढे कुठे गृहीत धरलं आहे का, हेही तपासावं. एक लाखाहून जास्त व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत, चॅनेल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल, तर असे बदल सहसा सेव्ह करता येत नाहीत. मूळ फाइल मात्र आपल्याजवळ जपून ठेवावीच.

आपली बेरीज अशी: सुरुवातीची ३६, पुरणयंत्राची ५० आणि शेवटच्या निरोपातली १२, एकूण ९८ सेकंदं. ९:४०चा व्हिडिओ ८:०२चा होईल. जाहिरातींचं उत्पन्न घेणाऱ्यांनी इथे थांबावं, कारण व्हिडिओच्या मध्ये जाहिरात येण्यासाठी तो किमान आठ मिनिटांचा असावा लागतो. सुरुवातीचा भाग गेल्यामुळे पुढची प्रत्येक वेळ ३६ सेकंदांनी अलीकडे सरकते. वर्णनात लिहिलेल्या प्रकरणांच्या वेळा, स्वतः चढवलेली उपशीर्षकं आणि शेवटचा एंड स्क्रीन पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

सुधारणा झाली का हे ठरवताना ‘सरासरी किती टक्के पाहिलं’ या आकड्यावर विसंबू नये. व्हिडिओ आखूड झाला की तो आकडा आपोआप वाढतो. त्यापेक्षा तिसाव्या सेकंदाला किती लोक टिकले आणि सरासरी किती मिनिटं पाहिलं गेलं, हे दोन आकडे कापण्यापूर्वीच टिपून ठेवावेत आणि नंतरच्या तितक्याच दिवसांशी ताडून पाहावेत. होळीच्या आठवड्याची तुलना श्रावणाशी करू नये, कारण होळीला पुरणपोळी शोधत येणारे प्रेक्षक वेगळे असतात. कापण्याआधी आलेखाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. व्हिडिओची वेळ बदलल्यावर जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवून पाहायला तोच हाताशी असेल.