पांढऱ्या चादरीवरचे अनोळखी पतंग

प्रकाशसापळा म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यासमोर टांगलेला, साधारण १६० वॉटचा मर्क्युरी व्हेपरचा दिवा. या दिव्यातून अतिनील किरणही बाहेर पडतात आणि पतंगांच्या डोळ्यांना ते चांगले दिसतात. नाव सापळ्याचे असले तरी चादरीवर कोणी अडकत नाही. पतंग येतात, बसतात, उडून जातात. प्राणिशास्त्राच्या प्रथम वर्षाची एखादी विद्यार्थिनी पावसाळ्यात आंबोलीच्या क्षेत्रभेटीला जाते, तेव्हा तिच्याजवळ पाठ्यपुस्तकातला एकच नियम असतो: फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशांना नसते. इथे तो फारसा कामाचा नाही, कारण चादरीवर फुलपाखरू क्वचितच येते.

रात्र निवडतात ती अमावास्येच्या आसपासची, दमट आणि बिनवाऱ्याची. चांदणे असले की दिव्याकडे येणारे पतंग कमी होतात. रिमझिम चालते, पण तापलेल्या काचेवर थेंब पडला तर दिवा तडकतो, म्हणून त्याच्यावर आडोसा करावा लागतो. पतंगांबरोबर भुंगेरे, नाकतोडे आणि काही त्रासदायक किडेही येतात. त्यातला काळ्या-नारिंगी रंगाचा, मुंगीसारखा सडपातळ भुंगेरा मानेवर बसला तर फुंकून उडवायचा. तो चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने त्वचेवर फोड येतात.

पतंग दिव्याभोवती घिरट्या का घालतात, याचे जुने उत्तर असे होते की ते चंद्राचा रोख धरून उडतात आणि दिव्याने फसतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणातून वेगळेच कारण पुढे आले. उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. निसर्गात रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे शरीर सरळ. दिवा बाजूला असला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवतो, कलतो आणि कललेला असल्यामुळे दिव्याभोवतीच फिरत राहतो. दिवा खाली असेल तर तो उलटा होऊन कोसळतो. याला अपवादही आढळला: कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉकमॉथ असा कललाच नाही.

विद्यार्थिनीची खरी परीक्षा चादर भरल्यावर सुरू होते. समजा, मध्यरात्रीच्या सुमारास एक जाडजूड, तपकिरी पतंग येऊन आदळतो. पंख पसरले तर सुमारे दहा सेंटिमीटर भरतील. पाठीवर पिवळसर खूण आहे, माणसाच्या कवटीसारखी. बोट लावताच तो चक्क चिरकतो आणि ती हात मागे घेते. पतंगाला आवाज असतो हे तिच्या पुस्तकात नसते. तो घशात हवा ओढून सोंडेवाटे बाहेर सोडतो, त्यातून हा आवाज निघतो. हीच आखूड, मजबूत सोंड मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पिण्यासाठीही वापरली जाते.

ओळख पटवताना रंगाआधी ठेवण पाहायची. निमुळते, अरुंद पुढचे पंख, जाड पोट आणि बसताना घराच्या छपरासारखे तिरके ठेवलेले पंख यावरून कुळ ठरते: हॉकमॉथ. कवटीच्या खुणेवरून प्रजाती ठरते: अकेरोन्शिया. पण भारतात या प्रजातीच्या दोन जाती आढळतात, स्टिक्स आणि लॅकेसिस, आणि त्यांच्यातला सोपा फरक मागच्या पंखांवर असतो. स्टिक्सचे मागचे पंख बहुतांश पिवळे, त्यांवर दोन गडद पट्टे. लॅकेसिसच्या मागच्या पंखांचा मुळाकडचा भाग मोठ्या प्रमाणात काळा. बसलेल्या पतंगाचे हे पंख पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात. वरून काढलेला छानसा फोटो इथे अपुरा पडतो, आणि नवख्यांची चूक बहुधा इथेच होते: पुस्तकातल्या एखाद्या चित्राशी मिळतेजुळते दिसले की जातीचे नाव लिहून मोकळे व्हायचे.

मऊ कुंचल्याने पुढचा पंख अलगद वर उचलून पाहता येते. पिवळ्यावर दोन पट्टे दिसले तर नोंद स्टिक्सची. याचा सुरवंट तिळाच्या पिकावर वाढतो, त्यामुळे तो शेतकऱ्यांच्या ओळखीचा असतो. पतंग आधीच उडून गेला तर वहीत फक्त ‘अकेरोन्शिया’ लिहायचे, सोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान. अर्धवट वाटली तरी ही नोंद खोट्या नेमकेपणापेक्षा उपयोगी. चादरीवरच्या बारीक, करड्या पतंगांच्या बाबतीत तर अनेकदा कुळापर्यंतच पोचता येते. त्यांतल्या कित्येक जाती जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या सांगता येत नाहीत.

दिवा उजाडण्याच्या बराच आधी बंद करतात आणि चादर झटकून पतंगांना झुडपांत पांगवतात. ते तसेच बसून राहिले, तर पहाटे कोतवाल आणि बुलबुल चादरीवरच न्याहारी उरकतात.