ठुशी उलटी करून पाहा

लग्नाच्या खरेदीत ठुशी सगळे पुढून बघतात. गळ्याला नीट बसते का, पदक मध्यावर येतं का, शालूच्या काठाशी शोभते का. ती उलटी करून पाठ बघणारं माणूस क्वचित भेटतं. खरं तर दागिन्याची सगळी कुंडली पाठीवर असते. मण्यांमधून गेलेला दोरा, मण्यांवरचे सांधे, दोन्ही टोकांचे गोंडे हे सारं तिथे दिसतं. ठुशी, नथ आणि मंगळसूत्र या तिघांतही सोन्याच्या जोडीला सोनं नसलेलं काहीतरी असतंच. कुठे दोरा, कुठे मोती, कुठे काचेचे मणी. वजनाचा घोळ, मोडीच्या वेळची निराशा, दागिना अकाली खराब होणं, यांचं मूळ बहुतेक वेळा याच गोष्टींत सापडतं. म्हणून आधी ठुशीकडेच बारकाईने बघू.

ठुशीचा एक मणी मोहरीहून मोठा आणि ज्वारीच्या दाण्याच्या आसपास असतो. तो भरीव नसतो. सोनं मुशीत वितळवून त्याची कांडी ओततात, ती लाटून पातळ पत्रा करतात आणि पत्र्याच्या छोट्या चकत्या पाडतात. प्रत्येक चकती खळग्यांच्या ठोकळ्यावर ठेवून वरून ठोकली की तिची इवलीशी वाटी होते. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या की एक पोकळ मणी तयार. आता बरेचसे मणी यंत्रावर होतात, पण हातघडणीची रीत हीच.

जोडकामाला सोनाराकडे डाख म्हणतात. डाख हे सोन्याचंच मिश्रण असतं, पण त्यात तांबं आणि चांदी जास्त. ते दागिन्याच्या सोन्याआधी वितळलं पाहिजे, नाहीतर जोड बसायच्या आत मणीच विरघळायचा. सांध्यावर सवागी, म्हणजे टाकणखार, लावून ज्योत फिरवली की डाख फटीत ओढली जाते. डोळ्याला तो सांधा जवळजवळ दिसत नाही. पण एका ठुशीत शेकडो मणी असतात आणि प्रत्येक मण्याला निदान एक सांधा असतो. या शेकडो सांध्यांतली डाख शेवटी एकूण सोन्याचा कस खाली आणते. जुनी ठुशी आटवल्यावर सोनं कमी कसाचं का निघतं, याचं एक मोठं कारण हे आहे. दरवेळी आजेसासूबाईंच्या सोनाराने फसवलेलंच असतं असं नाही.

मधल्या काळात केडीएम नावाची डाख सर्रास वापरली जाई. तिच्यात कॅडमियम असायचं. ते थोडंसंच लागत असल्यामुळे दागिन्याचा कस टिकायचा, पण जोडताना निघणारा त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक. त्यामुळे आज 'केडीएम दागिना' हे शब्द कोणी कौतुकाने सांगितले तर त्याला शुद्धतेची हमी समजू नये.

मणी तयार झाले की ते पटवेकऱ्याकडे जातात. ठुशी गाठवणं हे त्याचं कसब. मधल्या दोऱ्याभोवती मणी एकमेकांना इतके ठासून बसवायचे की दोरा दिसता कामा नये आणि तरी ठुशी गळ्याभोवती वळली पाहिजे. सैल गाठवली तर मणी फिरतात आणि भोकाच्या धारदार कडेने दोरा कापला जातो. फार ताणली तर ती ताठ होते आणि वळताना पहिल्यांदा टोकाचा दोरा तुटतो. चांगली गाठवलेली ठुशी टेबलावर ठेवली तर आपोआप अर्धवर्तुळात बसते. मागे रेशमी गोफ आणि सरकती गाठ असते, म्हणून तीच ठुशी आईलाही बसते आणि मुलीलाही.

आता सोन्याच्या प्रमाणाकडे येऊ. चोवीस कॅरेट सोनं इतकं मऊ की त्याचा पोकळ मणी बोटांच्या चिमटीत चेपेल. म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. बावीस कॅरेट म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोनं, वीस कॅरेट म्हणजे 833, अठरा कॅरेट म्हणजे 750. हॉलमार्कमध्ये हाच आकडा कॅरेटसोबत कोरलेला असतो. 2021च्या जूनपासून देशात हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023पासून त्यात सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असणं बंधनकारक आहे. दागिन्यावर तीन खुणा शोधा: भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. ठुशीवर त्या बहुधा पदकाच्या पाठीला किंवा टोकाच्या पट्टीवर असतात, भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. दुकानदाराकडे भिंग मागायला संकोच करू नये. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक घातला की तो दागिना कोणत्या प्रकारचा आहे, किती कसाचा आहे आणि कुठे तपासला, हे दिसतं. हातात ठुशी आणि पडद्यावर अंगठी असं निघालं तर तिथेच थांबा.

एक हिशेब करून पाहू. समजा घरात एक जुनी ठुशी आहे, वजन 24 ग्रॅम. घरात सगळे समजतात की हे 24 ग्रॅम बावीस कॅरेट सोनं आहे. मोडायला नेल्यावर दोरा, गोंडे आणि मण्यांच्या आतला मळ मिळून एक ग्रॅम वजा झाला. उरले 23 ग्रॅम. आटवून तपासणी केली तर कस शेकडा 84 निघाला. म्हणजे शुद्ध सोनं 23 गुणिले 0.84, 19.32 ग्रॅम. बावीस कॅरेटच्या हिशेबात हे साधारण 21 ग्रॅम भरतं. तीन ग्रॅम कुठे गेले, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. एक ग्रॅम मुळात सोनं नव्हतंच, आणि उरलेले दोन ग्रॅम डाखेत आणि त्या काळच्या कमी कसात होते. यावर आटणीची घट दुकानदार लावेल, आणि पहिल्या वेळी दिलेली घडणावळ परत येत नाही. ठुशीची घडणावळ साध्या साखळीपेक्षा जास्त, त्यामुळे मोडीचा फटकाही जास्त. माझं मत स्पष्ट आहे: जुनी ठुशी धड असेल तर ती मोडू नये, पुन्हा गाठवून घ्यावी.

मोडायचीच असेल तर आटवण्यापूर्वी यंत्रावर आणि आटवल्यावर पुन्हा, अशा दोन्ही वेळा कस बघावा. क्ष-किरणांचं तपासयंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं. पोकळ मण्यांच्या आतल्या सांध्यापर्यंत ते पोचत नाही, म्हणून न आटवता दाखवलेला आकडा बहुधा जास्तच येतो.

नथीचं गणित याहून वेगळं आहे. नथीत सोनं फार कमी, बहुतेक नथींत ते एक-दोन ग्रॅमच्या घरात असतं. किंमत आहे ती मोत्यांची, खड्यांची आणि हाताची. जुन्या घरांतल्या नथींत बसऱ्याचे मोती असत. इराणच्या आखातातले हे मोती बसरा बंदराच्या नावाने ओळखले जात. मोती सोन्याच्या बारीक तारेत ओवून, तार वळवून आणि पीळ देऊन नथीचा तो लफ्फेदार आकार करतात. नाकात जाणारी तार जरा कणखर लागते, म्हणून ती अनेकदा अठरा किंवा वीस कॅरेटची करतात. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे बऱ्याच नथींवर खुणा नसतात आणि ते बेकायदा नाही. मात्र अशा वेळी बिलावर कॅरेट, सोन्याचं निव्वळ वजन आणि मोत्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी. सगळं एकाच ओळीत 'नथ' म्हणून लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही.

नथ दोन ठिकाणी बिघडते. एक, तार. ती दरवेळी उघडून मिटून त्याच जागी कडक होत जाते आणि एक दिवस तुटते, तीही सहसा समारंभाच्या गर्दीत. त्या जागी पांढुरकी रेघ दिसायला लागली की तार बदलून घ्यावी. दुसरं, मोती. मोती मूळचा चुन्याचा. आम्ल त्याला खातं, म्हणून लिंबू, अत्तर, घाम यांनी मोत्याचं पाणी उतरतं आणि ते परत चढत नाही. दागिने उजळायला देताना सोनार आम्लाचा वापर करतो. नथ त्या ढिगात जाता कामा नये. घरी मऊ ओल्या फडक्याने पुसायची, लगेच कोरडी करायची आणि मलमलच्या पुरचुंडीत वेगळी ठेवायची. केम्पच्या लाल खड्यांखाली वर्ख असतो. पाणी आत शिरलं की खडा काळा दिसू लागतो, म्हणून नथ भिजत घालणं टाळावंच.

ठुशीही भिजवू नये. मण्यांच्या आत गेलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दोरा कुजतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून पंख्याखाली सुकवावी. बोरमाळ, वज्रटीक अशा दागिन्यांत सोन्याच्या पातळ पत्र्याआड लाख भरलेली असते. ती उन्हाने आणि गरम पाण्याने मऊ पडते, मग मणी सहज चेपतात. दंतमंजन घासून सोनं चमकवायची सवय मात्र सोडून द्यावी, त्याने पृष्ठभागावर ओरखडे पडतात. दारावर येऊन 'दागिने उजळून देतो' म्हणणाऱ्याला तर दार उघडूच नये. सोनं विरघळवणाऱ्या द्रावणात दोन मिनिटं बुडवलेला दागिना चकचकीत दिसतो आणि वजनाने हलका होऊन परत येतो.

ठुशी गाठवायला देताना तिथेच, आपल्या समोर वजन करून आकडा पावतीवर लिहून घ्यावा. परत घेताना पुन्हा तोलावी आणि काढलेला जुना दोरा मागावा. नवा दोरा जुन्यापेक्षा किती हलका किंवा जड आहे, ते त्यावरून कळतं आणि उरलेला फरक सोन्याचाच असतो.

मंगळसूत्र या दोघांपेक्षा जास्त सोसतं, कारण ते रोज अंगावर असतं. त्याच्या दोन वाट्या पत्रा ठशावर दाबून होतात, त्या सहसा खराब होत नाहीत. झिजते ती वाटीला धरणारी छोटी कडी. ती तारेवर वर्षानुवर्षं घासून आतून पातळ होत जाते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. मंगळसूत्र वाढतं ते बहुधा इथेच, आणि मग वाटी नेमकी कुठे पडली ते लक्षातही येत नाही. कडीत सुई घालून बघा. एका बाजूला कडेची जाडी निम्म्यावर आलेली वाटली तर नवी कडी बसवून घ्या. वजन करताना काचेचे काळे मणी वेगळे धरले आहेत का, हेही विचारा. काचेचं वजन सोन्याच्या भावात लागलेली बिलं मी पाहिली आहेत. मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर दर दोन-तीन वर्षांनी दोरा बदलावा, तारेत असतील तर दर दिवाळीच्या आधी प्रत्येक जोड एकदा बोटाने ओढून पाहावा.